सुकूक : भाडं की व्याज?

शंका : माझा मुलगा शारजाहला नोकरीला आहे. बँकेनं त्याला सुकूक घ्यायला सुचवलंय. दर सहा महिन्यांनी ठरलेली रक्कम मिळेल आणि पाच वर्षांनी मुद्दल परत. मग हे व्याजच नाही का?
– एक भगिनी, रत्नागिरी

समाधान : ताई, रक्कम ठरलेली आहे एवढ्यावरून ते व्याज ठरत नाही. दुकानाचं भाडंही ठरलेलंच असतं. ती रक्कम कशाच्या बदल्यात मिळते, हे पाहायचं.

रोखा म्हणजे कर्ज. कंपनीला उसने दिलेल्या पैशावर जास्तीचं घेतलं की तो रिबा. सुकूकमध्ये आपण मालमत्तेत वाटेकरी होतो. समजा, एक इमारत दहा कोटी दिरहमची आहे. एक मध्यस्थ संस्था ती कंपनीकडून विकत घेते आणि लाखाची एक अशी हजार प्रमाणपत्रं काढते. कंपनी तीच इमारत वर्षाला पन्नास लाख भाड्यानं परत घेते, तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्रामागे पाच हजार येतात. हे भाडं झालं, याला इजारा म्हणतात.

उलेमांची हरकत आहे ती मुद्दल परत करण्याच्या वचनावर. मुदारबामध्ये पैसा आपला आणि मेहनत व्यवस्थापकाची असते. नफा वाटून घ्यायचा, पण तोटा पैसेवाल्यानं सोसायचा. तिथे व्यवस्थापकानंच ‘मुदत संपल्यावर मूळ किमतीला परत घेईन’ असं लिहून दिलं, तर तोट्याची शक्यताच उरत नाही. भागीदारीचं कर्ज होतं. मुफ्ती तकी उस्मानी यांनी 2007 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. 2008 मध्ये बहरीनच्या ‘आओफी’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेनं व्यवस्थापकाच्या अशा वचनाला मनाई केली. खरेदी त्या वेळच्या बाजारभावानं व्हावी, असं सांगितलं. इजारामध्ये मात्र भाडेकरू स्वतः व्यवस्थापक किंवा भागीदार नसेल, तर मूळ किमतीची सवलत ठेवली.

दुसरी हरकत मालकीची. पुष्कळ सुकूकमध्ये इमारत कायद्यानं धारकांच्या नावावर होतच नाही. कंपनी बुडाली तर इमारत विकून पैसे वसूल करता येत नाहीत. धारक साध्या धनकोंच्या रांगेत उभे राहतात.

शारजाहच्याच दाना गॅस कंपनीनं 2017 मध्ये ‘आमचे मुदारबा सुकूक इथल्या कायद्यानुसार बेकायदा आहेत’ असं सांगून पैसे थांबवले. व्यवहार सुमारे 70 कोटी डॉलरचा होता. लंडनच्या न्यायालयानं इंग्लिश कायद्यानुसार खरेदीचं वचन वैध ठरवलं. शरीयतचा निवाडा तिथे झालाच नाही.

म्हणून मुलाला माहितीपत्रकात तीनच गोष्टी शोधायला सांगा : मालमत्ता कोणती, ती कोणाच्या नावावर, आणि शेवटी ती कोण, कोणत्या किमतीला घेणार. इजारा असेल आणि मालकी खरी असेल, तर घ्यायला हरकत दिसत नाही. मुदारबा असून मूळ किमतीचं वचन असेल, तर दूर राहावं.

अल्लाहच अधिक जाणतो.