कच्च्या कागदाची भीती

देवासच्या थोरल्या पातीत माझे आजोबा कारकून होते. गाव एकच, पण राज्ये दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. एका पवार घराण्याच्या त्या दोन शाखा, आणि १९४८ साली दोन्ही मध्य भारतात विलीन झाल्या. या दोन पात्यांतल्या मराठी घरांवर एक लेख लिहायचे मी कबूल केले होते. साहित्य हाताशी होते. सांगणारी एक वयोवृद्ध मावशीही शेजारीच राहत होती. तरीही लेख होत नव्हता. मी आळशी नव्हतो, हेच मला छळत होते. इतर कामे वेळेवर व्हायची, या लेखाकडेच फक्त मी पाठ फिरवायचो.

स्वतःला मी एक सोयीचे कारण देत आलो होतो. माझा दर्जा उंच आहे आणि घाईने केलेले काम मला चालत नाही, असे मी म्हणायचो. हे खरे नव्हते. दर्जाची ओढ असलेला माणूस कामाला बसतो, मी तर बसतच नव्हतो. टाळाटाळीवरच्या मानसशास्त्रीय अभ्यासांतही हा फरक दिसतो. उत्तम करण्याची आस असणारे लोक बहुधा कमी टाळाटाळ करतात. चूक होईल, लोक तोलतील, या धास्तीत जगणारे जास्त करतात. काम पुढे ढकलले की त्या क्षणी जिवाला हलके वाटते, आणि त्या हलकेपणाचीच सवय जडते. माझे नेमके हेच झाले होते. कागद समोर घेतला की छातीत दडपण यायचे. ‘आधी आणखी एक संदर्भ पाहू’ म्हणून उठले की ते जायचे. संदर्भ शोधणे ही माझी लपायची जागा झाली होती.

ही गाठ सुटायला सुरुवात झाली ती ई. एम. फॉर्स्टरमुळे. १९१२ च्या अखेरीस तो पहिल्यांदा देवासला आला. विलायतेत परतल्यावर १९१३ मध्ये त्याने हिंदुस्थानावरची कादंबरी सुरू केली आणि काही प्रकरणांनंतर ती अडली. १९२१ मध्ये थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचा खासगी सचिव म्हणून तो पुन्हा आला, तेव्हा ती प्रकरणे सोबत होती. इथे राहून कादंबरी पुढे जाईल अशी त्याची आशा होती. पण ज्या देशाबद्दल ती पाने लिहिली होती, तोच देश डोळ्यांसमोर आल्यावर ती कोमेजली आणि त्यांचे काही करता येईना, असे त्याने पुढे नमूद केले आहे. कादंबरी अडण्याची कारणे अनेक असतील. सगळे भयावर ढकलावे असे मला वाटत नाही.

माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. ज्या महिन्यांत कादंबरीचे पान हलत नव्हते, त्याच महिन्यांत तो घरी भराभर पत्रे लिहीत होता. राजवाड्यातल्या गोकुळाष्टमीचा गोंगाट, गर्दी, महाराजांचे नाचणे, स्वतःचे गोंधळून जाणे, जसे दिसले तसे त्याने कळवले. त्या पत्रांत शोभेची काळजी नाही, कारण ती न्यायासनापुढे जायची नव्हती. परत गेल्यावर लेनर्ड वुल्फने आग्रह केला आणि कादंबरी पुन्हा हाती घेतली गेली. १९२४ मध्ये ‘अ पॅसेज टु इंडिया’ प्रसिद्ध झाली. तिच्या शेवटच्या भागातला कृष्णजन्माचा उत्सव देवासच्या त्या गोकुळाष्टमीवरून घेतला आहे. ती पत्रेही १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. पुस्तकाच्या नावातली टेकडी म्हणजे आमची माताजीची टेकडी.

कादंबरीची हस्तलिखितेही टिकून आहेत. गुहेतल्या प्रसंगाच्या एका जुन्या खर्ड्यात प्रत्यक्ष झटापट लिहिलेली आहे. छापील पुस्तकात ती नाही, गुहेत काय घडले हे कळत नाही, आणि सगळी कादंबरी त्या न कळण्यावर उभी आहे. काय गाळायचे हे त्याला आधी लिहिल्यामुळेच कळले असावे असे मला वाटते. मी मात्र न लिहिताच गाळत बसलो होतो.

आधी कच्चे करून पाहण्याची ही रीत शिल्पकारांतही आहे. धारला रघुनाथ कृष्ण फडके यांचा स्टुडिओ आहे. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्यांचा पुतळा घडवणारे हे शिल्पकार वसईचे, पुढे धारला स्थायिक झाले. शिल्पकार मोठ्या कामाआधी मातीचा एक लहान कच्चा नमुना करतात. त्यात नाकडोळे नसतात. वजन कुठल्या पायावर आहे, मान किती वळली आहे, एवढेच पाहायचे असते. चेहरा नाही म्हणून त्याला कोणी वाईट म्हणत नाही, कारण तो चेहऱ्यासाठी केलेलाच नसतो.

मग मीही तसेच करायचे ठरवले. लेख लिहायचाच नाही, त्याचे लहान कच्चे तुकडे लिहायचे. पाठकोऱ्या कागदावर, पेनने, एका वेळी एकच परिच्छेद आणि पंधरा मिनिटे. वर ‘कच्चे’ असे लिहायचे. खोडायचे नाही. साल आठवत नसेल तर चौकटी कंसात ‘साल पाहणे’ लिहून पुढे जायचे, उठून कपाटाकडे जायचे नाही. घड्याळ वाजले की वाक्य अर्धे असले तरी थांबायचे. पहिला तुकडा आजोबांच्या कचेरीचा होता आणि तो मी बहिणीला पत्र लिहावे तसा लिहिला. ‘आजोबा सकाळी लवकर निघत, पगडी बांधायला वेळ लागे, पगार [किती? पाहणे], दोन्ही पात्यांच्या कचेऱ्या जवळजवळ, म्हणून भांडणेही जवळची.’ वाक्ये ओबडधोबड होती. पण भांडणांची ती ओळ मला आधी सुचलीच नव्हती. पुढे लेखाचा कणा तीच झाली.

यातही मन पळवाट काढते. माझे तुकडे हळूहळू गुळगुळीत होऊ लागले, म्हणजे मी पुन्हा पक्के लिहीत होतो, फक्त वर ‘कच्चे’ असे लिहून. खूण सोपी आहे. आजचे लिखाण कालच्या पानाच्या दुरुस्तीने सुरू झाले, किंवा सुरुवात चकचकीत आणि मधला भाग अजून कोरा असला, की भीती परत आली असे समजावे. मी तेव्हा कालचे पान फाइलमध्ये ठेवून नव्या कागदावर पुढचा भाग घेत असे. दुसरी पळवाट उलटी, तुकडेच लिहीत राहायचे आणि जोडायचे नाहीत. म्हणून सगळे भाग एकदा कच्चे झाले की जोडणीचा दिवस ठरवून तो संपादकांना कळवला. आणखी एक मर्यादाही पाळावी लागली. वाक्य कच्चे चालते, माहिती कच्ची चालत नाही. चौकटी कंसातले प्रत्येक साल जोडणीच्या वेळी तपासले, जे सापडले नाही ते गाळले.

मन साफ करून पाहिले तर लोक काय म्हणतील, ही भीती वरवरची होती. खरी भीती होती ती स्वतःला आपण सामान्य आहोत हे कळण्याची. लेख लिहिला नाही तोवर तो माझ्या डोक्यात उत्तम राहत होता, आणि त्या उत्तम लेखाच्या मानापायी मी मावशींना वाट पाहायला लावली. त्या विचारत, “झालं का रे लिहून? मला विचार की काय ते.” मी म्हणे, “आधी नीट तयारी करतो, मग बसू.” तयारी चालू असतानाच त्यांची स्मृती गेली. धाकट्या पातीतल्या त्यांच्या माहेरघरात कोण कोण राहत होते हे एकट्या त्यांनाच ठाऊक होते.

लेख दिला आहे. त्यात दोन परिच्छेद अजून कमकुवत आहेत, आणि ते तसेच छापले जातील. मावशींच्या माहेरघराचा परिच्छेद मात्र त्यात नाही.