झाकलेली लाज

बदलापूरचा एक माळकरी. अंबरनाथच्या एका कारखान्यात 14 वर्षे राबला, आणि एके दिवशी कपातीचा कागद हाती आला. घरी बोलला नाही. रोज डबा घेऊन निघायचा, अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात संध्याकाळपर्यंत बसायचा. असे वीस दिवस गेले. पुढे 'पगार' दाखवायला कर्ज काढायला निघाला, तेव्हा मला भेटला. म्हणाला, "महाराज, तोंड कसे दाखवू?"

मी म्हटले, "बाबा, 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आपल्याला लाज वाटली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवले. तू का झाकतोस? कपात ही तुझी करणी नव्हे. पण कर्ज काढून खोटा पगार दाखवलास, तर ती मात्र तुझी करणी होईल.

"आधी घरधनिणीला सांग, मुले निजल्यावर. 'सोडले' म्हणू नकोस, 'काम गेले' म्हण. लगेच हिशेब मांड. कपात झालेल्या कामगाराला कायद्याने भरल्या वर्षामागे 15 दिवसांचा पगार. 14 वर्षांचे 210 दिवस, म्हणजे सात महिने. फंड निराळा. मग थोरल्या भावाला आणि उल्हासनगरच्या मेहुण्याला तुझ्याच तोंडून कळू दे. बाहेरून कळले तर मेहुणा रुसेल. तू सांगितलेस तर कुठे कामासाठी शब्द टाकील."

त्याने त्या रात्री सांगितले. बायको म्हणाली, "डबा न उघडता परत येत होता, तेव्हाच ओळखले मी. तुम्ही कधी बोलता, एवढीच वाट पाहत होते."

रामकृष्णहरि.