पंचनाम्यात बसेल तेवढंच

तासगावातल्या एका शाळेची १९८८ची दहावीची तुकडी. व्हॉट्सअ‍ॅपवर या तुकडीचा ग्रुप होता आणि दिवाळीनंतर स्नेहमेळावा घ्यायचं घाटत होतं. माणशी दीड हजार रुपये वर्गणी ठरली. ती गोळा करायला कुणीतरी सुभाषचं नाव सुचवलं आणि सगळ्यांनी अंगठा उंचावून होकार दिला. तेवढ्यात विलासचा मेसेज आला, "पैसे सुभाषकडे? मग दुकानासारखी मेळाव्यालाही 'कायमचे बंद'ची पाटी लावू या!" शेवटी तीन हसरे चेहरे. पाच मिनिटांत त्याखाली अकरा जणांचं हसू जमा झालं.

सुभाषचं स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान होतं. कोविडच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, वह्या-पुस्तकांचा माल पडून राहिला आणि २०२१मध्ये त्याने शटर कायमचं खाली ओढलं. विलास त्याचा बालमित्र, सातवीपासून एका बाकावर बसलेला. परक्या माणसाने हेच लिहिलं असतं तर सुभाष कदाचित जेवून झोपला असता.

त्याने ताट बाजूला सारलं आणि लिहायला घेतलं. मंगल, त्याची बायको, एवढंच म्हणाली, "पाठवण्याआधी अक्कांना दाखवा." सुमनअक्का म्हणजे सुभाषची थोरली बहीण. तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेली, पलीकडच्या गल्लीत राहणारी. भाऊबंदकीचे, बांधाच्या भांडणाचे, शिव्याशापांनी भरलेले अर्ज वाचून त्यातली तक्रार नेमकी कुठली हे शोधण्यात तिची नोकरी गेली होती.

अक्काने फोन हातात घेतला आणि पहिल्यांदा ते सगळं त्या ग्रुपच्या चौकटीतून उचलून कागदावर उतरवून घ्यायला लावलं. "इथं बोट घसरलं तर गेलं ते ग्रुपवर," ती म्हणाली. "मग पुसलंस तरी 'मेसेज पुसला' अशी ओळ मागं राहते आणि ज्याला काही पडलं नव्हतं तोही विचारायला लागतो, काय लिहिलं होतं म्हणून." तिचं म्हणणं खरं आहे. चिडलेला मजकूर पाठवण्याच्या बटणापासून जितका लांब, तितका तो दुरुस्त होण्याची आशा अधिक.

कागदावर उतरलं ते असं होतं :

"विलास, तुझी लायकी आज कळली. तू नेहमीच मला कमी लेखत आलास. माझ्या बुडालेल्या दुकानावर हसतोस, पण मी कुणाचा रुपया बुडवलेला नाही. मंगलच्या पाटल्या मोडून सगळ्यांची देणी दिली, हे माहीत असून तू असं बोलतोस. तुझ्या मुलाला नोकरी कुणाच्या शब्दावर लागली ते इथे सांगू का? आणि हसणाऱ्यांनीही आपली पातळी दाखवली. वर्गणी तूच गोळा कर. मी ग्रुप सोडतो."

अक्काने ते मोठ्याने वाचलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना सुभाष मध्येच खाली बघायला लागला, पण ती थांबली नाही. मग पेन्सिल घेऊन म्हणाली, "पंचनाम्यात काय लिहितात? पंचांनी डोळ्यांनी बघितलं तेवढं. कुलूप तुटलेलं होतं, कपाट उघडं होतं. चोर नीच होता असं कुणी लिहीत नाही. आता बघू, यातलं पंचनाम्यात काय बसतंय."

'लायकी' लगेच गेली. 'नेहमीच'पाशी मात्र ती थांबली. "नेहमीच म्हणजे? दादांना रात्री मिरजेला नेलं तेव्हा जीप कुणाची होती?" सुभाष काही बोलला नाही. जीप विलासची होती आणि चालवायलाही तोच होता. "तू 'नेहमी' लिहिलंस की त्याला ती एक रात्र आठवणार. एक उदाहरण खोटं निघालं की तुझं बाकीचं खरंही तो खोट्यात काढणार." रागात लिहिलेल्या पत्रातला सगळ्यात कच्चा दुवा असतो तो हा. 'नेहमी', 'कधीच', 'प्रत्येक वेळी' हे शब्द आपलं दुःख मोठं करतात असं वाटतं, पण ते समोरच्याच्या हातात वकिलीचा मुद्दा देतात.

मुलाच्या नोकरीवर तिने आडवी रेघ मारली. "यात त्या पोराचा काय संबंध? हे तुझं दुखणं नाही, हे त्याला दुखवायचं हत्यार आहे." हसणाऱ्यांची पातळी काढणारं वाक्यही गेलं, कारण त्या अकरातल्या निम्म्यांना दुकान कसं बंद झालं याची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी एक हसरा मेसेज बघितला आणि बोट लावलं.

मग पेन्सिल पाटल्यांवर आली. "माहीत असून, असं लिहिलंयस. कुणी सांगितलं त्याला?"

सुभाषला आठवेना. आठवणार कसं, त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. मंगलने भावालाही कळू दिलं नव्हतं. विलासच्या लेखी दुकान म्हणजे कोविडात बंद पडलेल्या शेकडो दुकानांपैकी एक. सुभाषच्या लेखी ते म्हणजे सोनाराच्या काट्यावर ठेवलेल्या पाटल्या. विनोद पहिल्या दुकानावर केला होता, लागला होता दुसऱ्याला.

या फरकाचा अभ्यासही झाला आहे. जस्टिन क्रूगर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये चेष्टा करणारा आणि जिची चेष्टा होते ती व्यक्ती अशा दोघांकडून एकाच प्रसंगाचं मत घेतलं. करणाऱ्याला आपली चेष्टा जितकी निरुपद्रवी वाटते तितकी ती दुसऱ्याला वाटत नाही, असं त्यांना दिसलं. कारण साधं आहे. करणाऱ्याला आपला हेतू आतून ठाऊक असतो, ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शब्द येतात. विलासने दुखावलं नाही असा याचा अर्थ होत नाही. त्याने दुखावलं होतंच, पण जाणूनबुजून दुखावलं हा सुभाषने मनाने भरलेला रकाना होता.

"शेवटचं वाक्य," अक्का म्हणाली. "ग्रुप सोडतो. ही धमकी झाली. तुला हवंय काय?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सुभाष बराच वेळ गप्प राहिला. आधी म्हणाला, माफी हवी. मग म्हणाला, नको, माफी मागेल आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलेल. शेवटी दोन गोष्टी निघाल्या. पैशाच्या बाबतीत आपण भरवशाचे नाही असं कुणाला वाटू नये, ही एक. आणि विलासने दुकानावर पुन्हा विनोद करू नये, ही दुसरी. अक्काने पेन्सिल खाली ठेवली. "पहिली गोष्ट ग्रुपला सांगायची आहे, दुसरी विलासला. एका कागदावर दोन अर्ज कशाला?"

मंगलचं मत वेगळं पडलं. तिला वाटत होतं, सोडून द्यावं, उत्तरच देऊ नये. टकलावर, घोरण्यावर कुणी काही बोललं असतं तर तेच योग्य होतं. पण उद्यापासून लोक पैसे पाठवणार होते. पैशाच्या बाबतीत गप्प बसलं की लोक त्याचा अर्थ आपापल्या मनाने लावतात.

सुभाषने तिथेच दुसरा खर्डा केला : "विलास, विनोद छान होता. मोठ्या माणसांना शोभतो." शिवी नाही, आरोप नाही, खाली हात जोडलेलं चिन्ह. अक्काने तो पहिल्यापेक्षा वाईट ठरवला. मलाही तसंच वाटतं. पहिल्यात निदान जखम दिसत होती, यात नुसता काटा राहिला होता. शांत उत्तर आणि तिरकस उत्तर लांबून सारखीच दिसतात. ओळखायची खूण अशी की तिरकस उत्तर वाचून समोरच्याला आता काय करायचं ते कळत नाही, फक्त टोचल्याचं कळतं.

"झोप आता. सकाळी लिही," म्हणून अक्का घरी गेली.

सकाळी चहाबरोबर ग्रुपसाठी मजकूर झाला : "मित्रांनो, वर्गणी माझ्याकडे जमा करायचं ठरलं आहे. दुकानाचा विषय निघाला म्हणून एकदाच सांगतो, २०२१मध्ये दुकान बंद करताना सगळ्यांची देणी पूर्ण फेडली आहेत. वर्गणीचा हिशोब दर रविवारी इथेच टाकीन. दुसऱ्या कुणाला ही जबाबदारी हवी असेल तर खुशाल घ्यावी."

अक्काने फोनवर ऐकून विचारलं, "कुणी खरंच 'मी घेतो' म्हणालं तर चालेल तुला?" चालणार नव्हतं. शेवटचं वाक्य गेलं. मनधरणी व्हावी म्हणून लिहिलेलं वाक्य असंच सापडतं : लोकांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला तर आपल्याला राग येईल का, ते स्वतःला विचारायचं.

विलासला स्वतंत्र मेसेज गेला : "विलास, कालचा तुझा विनोद मला लागला. तुला कधी सांगितलं नव्हतं, दुकानाची देणी फेडताना मंगलच्या पाटल्या मोडल्या. त्यामुळे पैशाच्या गोष्टीत दुकानाचं नाव निघालं की मला सहन होत नाही. बाकी माझी हवी तेवढी चेष्टा कर, दुकानाची नको. संध्याकाळी फोन करतो." 'लागला' हा शब्द सुभाषने दोनदा खोडून 'आवडला नाही' केला होता. अक्काने तो परत लिहायला लावला. उत्तर शांत करायचं म्हणजे त्यातलं दुखणं पुसायचं नाही. ते पुसलं तर समोरच्याला दुरुस्त करायला काही उरत नाही.

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर दुपारपर्यंत आलं नाही, आणि आलं ते असं : "अरे, गंमत होती गड्या. एवढं काय मनाला लावून घेतोस?"

सुभाषचं डोकं पुन्हा तापलं. पुष्कळ चांगली उत्तरं इथेच वाया जातात, कारण आपण नीट लिहिलं की समोरच्यानेही लगेच नीट वागावं असं आपण धरून चालतो. पण पकडला गेलेला माणूस आधी स्वतःला सावरतो. सांगायचं ते सांगून झालं होतं, आता तेच जोराने सांगण्यात अर्थ नव्हता. त्याने काही लिहिलं नाही. ठरल्याप्रमाणे संध्याकाळी फोन केला.

विलासने सुरुवातीला तेच तुणतुणं लावलं. मग थोडं थांबून विचारलं, "पाटल्या म्हणजे, लग्नातल्या?" सुभाष हो म्हणाला. पुढची पंधरा-वीस मिनिटं बोलणं दुकानाचं झालं, जे गेल्या तीन-चार वर्षांत दोघांनी कधी काढलं नव्हतं. पडून राहिलेल्या वह्या कुणी घेतल्या, झेरॉक्स मशीन कितीला गेलं, माझ्याकडे का नाही आलास. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुभाषकडे नव्हतं. विलासने 'माफ कर' असं काही म्हटलं नाही. फोन ठेवल्यावर त्याचे दीड हजार आले, यादीतले पहिले.

रविवारी सुभाषने हिशोब टाकला, नाव आणि रक्कम, ओळीने. त्याखाली एकाने लिहिलं, "वा, दुकान पुन्हा उघडलं वाटतं!"

सुभाषने फोन हातात घेईपर्यंत खाली विलासची ओळ आली होती : "दुकानाचं सोड. यादीत तुझं नाव दिसत नाही, वर्गणी कधी भरतोस?"