समीक्षकांचे गुण, प्रेक्षकांचे गुण आणि आजची रात्र

‘कोर्ट’च्या शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. माणसं पांगतात, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. आता संपला, असं वाटून प्रेक्षक चपला शोधू लागतो. तेवढ्यात पुन्हा उजेड होतो आणि न्यायाधीश महाराज कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात. मॅनहोल साफ करणाऱ्या कामगाराच्या मृत्यूला आपलं गाणं कारण ठरलं, या आरोपाखाली भरडला गेलेला लोकशाहीर त्या वेळी कुठे आहे, हे चित्रपट सांगत बसत नाही.

चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ऑस्करसाठी भारतातर्फे त्याचीच निवड झाली. समीक्षकांनी ज्या सहलीच्या दृश्याचं कौतुक केलं, त्याच दृश्यापाशी ‘हे काय, शेवटच नाही!’ म्हणून वैतागणारा प्रेक्षकही आहे. दोघांनी एकच गोष्ट पाहिली आणि दोघांनी ती नीटच पाहिली. मग गुण वेगळे का पडतात?

पहिलं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. ‘रॉटन टोमॅटोज’वर दिसणारी समीक्षकांची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत, किती जणांनी ‘बरा आहे’ म्हटलं, त्याचं ते प्रमाण आहे. समजा, दहा समीक्षकांनी एखाद्या चित्रपटाला दहापैकी सहा-सहा दिले आणि ते सगळे अनुकूल धरले गेले, तर आकडा शंभर टक्के. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी दहापैकी दहा आणि पाच जणांनी चार-चार दिले, तर सरासरी सातची, पण आकडा पन्नास टक्क्यांवर. म्हणजे कुणालाच न खुपणारा चित्रपट वर आणि निम्म्यांना वेड लावणारा खाली. आयएमडीबीचा आकडा मात्र एक ते दहा गुणांची भारित सरासरी असतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे क्विंटलची बेरीज एकरात करणं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समीक्षक आठवड्याला तीन-चार चित्रपट कामाचा भाग म्हणून बघतो. आवडीनिवडीचा प्रश्न नसतो. ठरावीक वळणं पाहून तो विटलेला असतो, म्हणून नवीन काही दिसलं की खूश होतो. प्रेक्षक आधीच निवड करून आलेला असतो. त्याने झलक पाहिलेली असते, गाणं ऐकलेलं असतं, नटावर जीव असतो. शिरूर कासारहून बीडला चित्रपट बघायला येणारं कुटुंब तिकिटाबरोबर एसटीचं भाडंही मोजतं. ज्याला आवडणार नाही तो मुळात येतच नाही, म्हणून प्रेक्षकांचा आकडा सहसा चढाच असतो. तो सांगतो एवढंच, की जाहिरातीत कबूल केलेलं पडद्यावर मिळालं का. दादा कोंडके यांचे सिनेमे समीक्षकांनी नाकं मुरडत पाहिले आणि ते रौप्यमहोत्सव करत राहिले, त्याचं कारण हेच. दादांनी हसवायचा शब्द दिला होता आणि तो पाळला.

म्हणून कुणाचं ऐकायचं, हे त्या रात्री आपल्याला काय हवंय यावर ठरतं. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. दिवसभर मोळ्या वाहून कोपीत परतलेल्या माणसाने फोनवर ‘कोर्ट’ लावावा, असं मी तरी सुचवणार नाही. त्या थकव्यात अंधारा पडदा म्हणजे झोपच. तिथे प्रेक्षकांचा आकडा खरा. हसायचं असेल, भ्यायचं असेल, तरी तोच खरा. कारण हसू आणि भीती या गर्दीने एकदम अनुभवायच्या गोष्टी आहेत आणि समीक्षकाला त्या बऱ्याचदा अर्ध्या रिकाम्या खेळात भेटतात. पण सवड आहे, मन ताजं आहे, चित्रपट दोन दिवस डोक्यात घोळला तरी चालेल, अशा वेळी समीक्षकाकडे जावं. ‘कोर्ट’सारखा चित्रपट तोच आपल्यापर्यंत आणून पोचवतो.

घरच्यांसोबत बघायचा असेल तर मात्र दोन्ही आकडे बाजूला ठेवावेत. आई-वडिलांसमोर अवघडायला होईल का, हे कुठलीच सरासरी सांगत नाही. अशा वेळी दहापैकी पाच-सहा देणाऱ्यांचे अभिप्राय वाचावेत. दहा देणारा भक्त असतो, एक देणारा चिडलेला; मधला माणूसच ‘पूर्वार्ध रेंगाळतो, शिव्या फार आहेत’ असं कामाचं काही लिहितो.

आणि लहान मराठी चित्रपटाच्या बाबतीत गुणांआधी किती मतं पडली आहेत ते बघा. दीडशे मतांवर साडेनऊ दिसत असतील, तर त्यातली बरीच मतं चित्रपट करणाऱ्यांच्या गोतावळ्यातली असण्याची शक्यता दाट. आठवडाभर थांबा, मग बघा.