ओंकारला आधी बोलू दे

चि. मुक्तास,


तुझा बाबा रविवारी आला तेव्हा तुझी सरावाची वही घेऊन आला. आत तुझी चिठ्ठी होती, की आजी, ‘परीक्षेच्या ताणाविषयी दोन मित्रांमधील संवाद लिहा’ या प्रश्नाला बाईंनी ५ पैकी अडीचच गुण दिले, चूक तर एकही दाखवली नाही, मग कापले कशाचे? वही मी दोनदा वाचली, चष्मा पुसून वाचली (चष्म्याची काडी अजून दोऱ्यानेच बांधलेली आहे, तुझ्या बाबाला सांगू नकोस, तो लगेच नवा आणेल). शुद्धलेखन नीट आहे, अक्षर तर फारच छान. तू मनापासून लिहिलंस हेही दिसतं. पण लिहिताना तुला फार घाई झाली होती, आणि खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा जास्त घाई त्या सुमितला झाली होती.

तुझं उत्तर इथे उतरवते, म्हणजे दोघींना समोर दिसेल.

ओंकार : मित्रा, मला परीक्षेचा खूप ताण आला आहे.
सुमित : मित्रा, ताण घेऊ नकोस. रोज नियमित अभ्यास कर, वेळापत्रक बनव, पौष्टिक आहार घे, पुरेशी झोप घे, योगासने कर आणि मोबाईलपासून दूर राहा.
ओंकार : धन्यवाद मित्रा! तुझ्यामुळे माझा ताण नाहीसा झाला.

आता हेच मोठ्याने वाच बघू. ओंकारने एक वाक्य म्हटलं आणि सुमितने सहा उपाय सांगून टाकले, नाडी न बघताच काढ्याची बाटली हातात ठेवणाऱ्या वैद्यासारखे. कशाचा ताण, कधीपासून, कुठला विषय, हे त्याने विचारलंच नाही. सुमितचं ते लांबलचक वाक्य उचलून ‘परीक्षेची तयारी’ या निबंधात ठेवलं, तर तिथे ते जास्त शोभेल. नावं दोन आहेत, पण बोलणारा एकच आहे. बाईंनी अडीच गुण कापले ते बहुतेक याचेच, कारण मांडणीत तुझं काही चुकलेलं नाही. प्रत्येकाचं बोलणं नव्या ओळीवर आहे, नावापुढे दोन टिंबं आहेत, अवतरणचिन्हं घातलेली नाहीत (नाव आधी लिहिलं की ती लागत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं). एवढी मांडणी साधली की मग गुण ठरतात ते दोघं खरंच बोलत आहेत का यावर.

म्हणून पेन उचलण्याआधी थोडं थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, ओंकारला नक्की कसली भीती वाटते? ‘परीक्षेची’ हे उत्तर चालणार नाही. भीती नेहमी कुठल्यातरी एका ठिकाणी बसलेली असते, ते ठिकाण हाती लागलं की संवाद आपोआप पुढे सरकतो. मी भूमिती घेतली. पेपर ४० गुणांचा आणि वेळ २ तास, हे तुला पाठच आहे. चौथा प्रश्न ८ गुणांचा आणि पाचवा ३ गुणांचा. हे दोन्ही शेवटी येतात, म्हणून वेळ चुकला की हेच राहून जातात. तेवढ्यावर मी हे लिहिलं, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि मग इथे उतरवलं.

(शाळेचा व्हरांडा. मधली सुट्टी.)
सुमित : डबा उघडलाच नाहीस. वांग्याची भाजी आहे की काय?
ओंकार : नाही रे. भूकच नाही.
सुमित : कालचा भूमितीचा सराव पेपर कसा गेला?
ओंकार : चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला हातच लागला नाही. अकरा गुण तिथेच गेले. बोर्डात असंच झालं तर?
सुमित : येत नव्हतं, की वेळ पुरला नाही?
ओंकार : येत होतं! घरी जाऊन दोन्ही सोडवले. त्रिकोणमितीचं एक उदाहरण सुटेना, त्यातच पंचवीस मिनिटं गेली.
सुमित : किती गुणांचं होतं ते?
ओंकार : तीन.
सुमित : चाळीस गुणांना दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. त्या उदाहरणाची नऊच मिनिटं होती रे. वरची सोळा तू त्या अकरा गुणांतून काढलीस.
ओंकार : कळतं मला. पण सोडून पुढे गेलो की वाटतं, हेच येत नाही तर बाकीचं काय येणार? त्यात बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगा नव्वदच्या वर जाणार म्हणून. पुस्तक मिटलं की तेच आठवतं. झोप लागायला दोन वाजतात.
सुमित : (थोडं थांबून) बाबांचं काय करायचं ते मला सुचत नाही. आईशी बोललास?
ओंकार : नाही.
सुमित : आज बोल. आणि उद्या सकाळी सहाला माझ्याकडे ये. घड्याळ लावून एक पेपर सोडवू. अडलं की अर्धं पान कोरं सोडायचं आणि पुढे जायचं.
ओंकार : सहाला? मग आज लवकर झोपावं लागेल.
सुमित : तेच तर!
ओंकार : पोटात गोळा आहे अजून. पण येतो.
सुमित : ये. आणि भूक नसेल तर तो डबा इकडे दे.

बघ, सुमितने इथे बराच वेळ नुसतं विचारलंय. ‘येत नव्हतं, की वेळ पुरला नाही?’ हा या उत्तरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण ओंकार स्वतःच त्या दोन गोष्टींत गल्लत करून बसला होता. न येणं वेगळं, आणि येत असून वेळ न पुरणं वेगळं. पहिल्याला अभ्यास लागतो, दुसऱ्याला घड्याळ. हे वेगळं झाल्याशिवाय दिलेला सल्ला उगाच खर्च होतो, आणि शब्द उधळलेले मला पैसे उधळल्याइतकेच आवडत नाहीत, हे तुला माहीतच आहे.

दुसरं म्हणजे, पहाटे उठावं, रात्री वेळेवर निजावं हे सुमितने उपदेश म्हणून सांगितलंच नाही. त्याने फक्त सहाला बोलावलं, आणि लवकर झोपायचं हे ओंकारने आपलं आपण काढलं. तू तुझ्या उत्तरात ‘पुरेशी झोप घे’ लिहिलं होतंस, गोष्ट तीच आहे. पण जो दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडतो त्याला ‘झोप घे’ म्हणून काय उपयोग गं?

बाबांच्या वाक्याशी मात्र जरा थांब. भूमितीचा हिशोब सुटला तरी ती भीती सुटत नाही, आणि सुमितला ती सोडवताही येत नाही, म्हणून तो तसं कबूल करून आईचं नाव काढतो. दहावीतल्या मुलाला सगळं सुचतं असं दाखवलंस की वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. शेवटीही ताण ‘नाहीसा’ झालेला नाही, पोटात गोळा आहेच. पाच ओळींत कुणाचा ताण जात नाही, पण उद्या सकाळी सहाला कुठे जायचं ते ठरतं, आणि संवाद संपवायला तेवढं पुरतं. ‘धन्यवाद मित्रा’ तर तू तुझ्या सईला आजवर कधी म्हणाली आहेस का?

भाषा बोलण्यातली ठेव, ‘झाले, गेले’पेक्षा ‘झालं, गेलं’. या प्रकारात ते चालतं, उलट तेच हवं. कंसातल्या हालचाली एखाददुसऱ्याच. मी ‘थोडं थांबून’ घातलंय ते एवढ्यासाठी, की तिथे सुमित खरोखर गप्प होतो. ‘हसून’, ‘आश्चर्याने’, ‘दुःखाने’ असं प्रत्येक ओळीला लावत बसलीस तर ते नाटकाच्या तालमीसारखं दिसेल.

वेळेचं सांगते. भाषेचा पेपर ८० गुणांचा आणि ३ तासांचा, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं, आणि ५ गुणांना साधारण ११. माझं उत्तर तेवढ्यात लिहायला तुला थोडं लांब पडेल. वेळ कमी उरला तर झोपेचा धागा काढून टाक, डब्याच्या दोन्ही ओळी काढ, मला वाईट वाटणार नाही (वाटेल थोडं). पण सुमितचे प्रश्न आणि बाबांचं वाक्य ठेव. आणि त्या अकरातली पहिली दोन मिनिटं काहीही न लिहिता बसायचं, भीतीचं ठिकाण शोधायला. शेजारची मुलगी सरासर पानं उलटत असली तरी बसायचं. तुझी मला काळजी वाटते ती एवढ्या दोन मिनिटांचीच.

आणखी एक गोष्ट आहे, ती पेपरापुरती नाही. कधी असा संवाद लिहायची वेळ आली, किंवा कुणी मैत्रीण खरोखरच तुझ्यापाशी असं बोलली, की तिला कित्येक दिवस जेवण जात नाही, झोप नाही, ‘आता नकोच हे सगळं’ असं ती म्हणते, तर तिथे वेळेचे हिशोब मांडायचे नाहीत आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हे तिचं म्हणणंही ऐकायचं नाही. तिला एकटं न सोडता सरळ बाईंना किंवा तिच्या घरच्यांना सांगायचं. सरकारचा टेलिमानस नावाचा फोन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कुणीतरी उचलतं आणि मराठीतही बोलता येतं. गोष्टीतल्या सुमितनेही तेच करावं, एकट्याने सगळं पेलू नये.

वही बाबाबरोबर परत पाठवते आहे. पुढच्या रविवारपर्यंत हाच प्रश्न पुन्हा लिही, पण दोघी मुली घे आणि भूमिती घेऊ नकोस, ती माझी झाली. एखादी तोंडी परीक्षेला घाबरणारी असू दे, किंवा अशी, की जिला सगळं येतं म्हणून कुणी विचारतच नाही. तुझी स्वतःची एखादी भीती त्यात आली तर नाव बदलून लिही, मी खोदून विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर रात्री नऊनंतर फोन कर, तेव्हा मी मोकळी असते.

तुझी,
आजी