पहिला प्रवेश, दुसरं वाचन

एकांकिका स्पर्धांच्या संहिता वाचताना पहिल्या दोन पानांतच एक गोष्ट खटकू लागते. पडदा उघडतो, नायिकेची मैत्रीण फोनवर सांगते, ‘तू लहानपणापासून अशीच, कुणाचं ऐकायचं नाही,’ आणि लेखक निर्धास्त होतो. नायिका बंडखोर आहे हे आपल्याला कळवलं गेलं. तिनं मात्र अजून काहीच केलेलं नाही.

यावर हल्ली एक तयार औषध दिलं जातं. एका कार्यशाळेत मार्गदर्शक छातीठोकपणे म्हणाले, ‘पहिल्याच प्रसंगात नायकाकडून एक चांगलं काम करून घ्या.’ ब्लेक स्नायडर यांच्या 2005 सालच्या ‘सेव्ह द कॅट’ या पटकथेवरच्या पुस्तकातून हा सल्ला सगळीकडे पसरला. मला तो पटत नाही. चांगल्या कामानं प्रेक्षकाची सहानुभूती मिळेल, पण माणूस कळणार नाही. आंधळ्या म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देणं कुणीही करील, त्यात काही गमवावं लागत नाही. कृती आणि निवड यांत मी फरक करते तो इथे. समोर दुसरी वाट दिसत असेल आणि घेतलेल्या वाटेची काही किंमत मोजावी लागत असेल, तरच ती निवड.

एसटीचा कंडक्टर घ्या. म्हातारीकडे तिकिटाला पैसे कमी आहेत आणि पुढच्या थांब्यावर तपासणीस चढण्याची शक्यता आहे. तो तिला उतरवील, विनातिकीट बसू देईल किंवा पदरचे पैसे घालील. तीन वाटा, तीन माणसं. समजा, त्यानं पदरचे पैसे घातले, तिकीट फाडलं आणि मग खिशातली छोटी वही काढून तिचं नाव नि रक्कम लिहून ठेवली. आता तो नुसता दयाळू उरला नाही. त्या वहीत आणखी किती नावं असतील, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो.

इथवर मी निःशंक होते: वर्णन नको, निवड हवी. पण तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) पुन्हा काढलं आणि अडखळले. नाटक सुरू होतं तेव्हा रंगमंचावर दोघंच असतात: गावातला सामंत आणि मुंबईहून नाटकमंडळींबरोबर आलेली लीला बेणारे. बाकीच्यांना मागे टाकून ती पुढे आली आहे. दाराच्या कडीत तिचं बोट चेमटतं. सामंत भाच्या-पुतण्यांत रमणारा साधा माणूस, त्याच्या हातात कापडी पोपट. आणि बाई बोलत सुटतात: शाळेबद्दल, स्वतःच्या वक्तशीरपणाबद्दल, मागून येणाऱ्या एकेका सहकाऱ्याबद्दल. म्हणजे वर्णनच वर्णन! तरीही प्रवेश कुठे पडत नाही.

कारण ते वर्णन हीच तिची निवड आहे. ज्यांच्यासोबत ती आली त्यांची टवाळी ती एका परक्या माणसापाशी करते. आपली नोकरी, आपलं आयुष्य आपलंच आहे हे कुणी विचारलेलं नसताना बजावते. सुलभा देशपांडे यांनी रंगवलेली ही बेणारे आठवते ती तिच्या खळाळत्या उत्साहासाठी. पहिल्यांदा पाहताना तो मोकळेपणा वाटतो. ती गरोदर आहे, प्रोफेसर दामले यांनी तिला वाऱ्यावर सोडलं आहे आणि लग्नासाठी तिनं सहकाऱ्यांनाही विचारून पाहिलं होतं, हे सहकारी खेळ म्हणून तिच्यावर चालवतात त्या खोट्या खटल्यात उघड होतं. मग तीच बडबड आठवली की तिच्यातली भीती ऐकू येते. कडीचंही तेच: ती नीट सरकवली नाही तर दार बाहेरून अडकतं, हे सामंतानं सहज सांगितलेलं असतं. पुढे खटल्यातून निघून जायला ती उठते तेव्हा दार उघडत नाही.

म्हणजे पहिल्या प्रवेशानं पात्र उघड करावं हा माझाच आग्रह जरा ढिला करावा लागतो. तेंडुलकर बेणारेला तिथे उघड करत नाहीत. तिचं एक वागणं आपल्यासमोर ठेवतात, जे आज एका अर्थानं पटतं आणि शेवटानंतर दुसऱ्या अर्थानंही तितकंच पटतं. त्या कार्यशाळेतल्या चांगल्या कामात नेमकं हेच नसतं. रस्ता ओलांडून देणारा नायक शेवटीही तोच भला माणूस राहतो, त्या प्रसंगाकडे परतून पाहावंसं वाटत नाही. फोनवरच्या मैत्रिणीचं वाक्यही तसंच. पण तीच मैत्रीण खोटं बोलत असेल आणि नायिका मुकाट्यानं ऐकून घेत असेल, तर तेच वाक्य मी ठेवीन.

मात्र यात लिहिण्याचा क्रम उलटा होतो. दुसरा अर्थ शेवटातून येतो, त्यामुळे शेवट हाती नसताना लिहिलेला पहिला प्रवेश कच्चाच समजावा. माझा कंडक्टर त्यामुळे अजून थांबून आहे. त्या वहीतली नावं तो वसुलीसाठी लिहितो, की पैशांचा हिशेब घरी कुणाला तरी द्यावा लागतो म्हणून, हे ठरलं की बसमधला प्रसंग पुन्हा लिहावा लागेल. कदाचित म्हातारीऐवजी तिथे त्याच्या ओळखीचं कुणीतरी बसवावं लागेल.