तांबडा गाळ कुणाचा?

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की आमच्या मदन महाल भागात नववीची मुलं असलेल्या घरांत थर्माकोल आणि रंगांचा पसारा पडतो. सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, साबण लागताच लाल होणारी हळद, लिंबांवर पेटणारा दिवा. यांत वाईट काहीच नाही. पण उत्तर मुलाला आधीच पाठ असतं आणि परीक्षकालाही. त्यामुळे शोधायचं असं काही उरत नाही, फक्त सजवायचं उरतं.

शेजारच्या मुलीला रोजच्या वापरातलं रसायनशास्त्र मनापासून आवडतं. दूध नेमकं कधी फाटतं, चिंचेनं पितळ का उजळतं, असल्या प्रश्नांनी ती आईला स्वयंपाकघरात भंडावून सोडते. प्रदर्शनाचा विषय मात्र तिला बाहेरच्या खोलीत सापडला. आरओ यंत्र विकायला एक जण घरी आला होता. त्यानं एका पेल्यात बोअरचं पाणी घेतलं, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडून वीज चालू केली. काही मिनिटांत बोअरचं पाणी हिरवट, मग तांबडं-काळं झालं आणि त्यात गाळाचे पुंजके फिरू लागले. आरओचं पाणी तसंच नितळ. आजोबा हादरले, "इतकी वर्षं आपण हे पीत होतो?" यंत्राची ऑर्डर त्याच बैठकीत दिली गेली.

दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "काका, एवढी घाण पाण्यात होती तर ती आधी दिसली का नाही?"

मला वाटतं, विषय निवडला गेला तो इथेच. प्रश्न तिचा स्वतःचा होता, उत्तर तिला माहीत नव्हतं आणि ते घरात बसून काढता येण्यासारखं होतं. तांबडा गाळ पाण्यातून येतो की कांडीतून?

विक्रेत्याचं उपकरण घरच्या विजेवर चालतं, म्हणून त्याला हात लावायचा नाही, हे आधी ठरलं. नऊ व्होल्टची बॅटरी, दोन तारा आणि लोखंडाचे साधे खिळे पुरतात. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले नकोत, त्यांतून पांढरा गाळ येतो. स्टेनलेस स्टीलचे तर मुळीच नकोत, कारण त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतं. खिळे पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करायचे, पाण्यात दोन बोटांच्या अंतरावर उभे धरायचे आणि एकमेकांना टेकू द्यायचे नाहीत. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवायची आणि जवळपास ज्योत नको.

पहिला पेला बोअरच्या पाण्याचा. पंधरा मिनिटांत हिरवट-तांबडा गाळ दिसू लागतो. दुसऱ्या पेल्यात बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी; त्यात जवळजवळ काहीच घडत नाही. इथवर विक्रेत्याचंच म्हणणं खरं ठरतं. आता त्याच नितळ पाण्यात चिमूटभर मीठ विरघळवायचं. पाणी तेवढंच नितळ दिसतं, पण वीज सोडताच पहिल्या पेल्यापेक्षा लवकर तांबडं होतं. मिठात तांबडं काहीच नव्हतं. मिठानं फक्त विजेला वाट करून दिली.

नीट पाहिलं तर दोन खिळे दोन तऱ्हेनं वागताना दिसतात. ऋण टोकाच्या खिळ्यावर बारीक बुडबुडे येतात आणि तो तसाच राहतो. धन टोकाच्या खिळ्याला खड्डे पडतात, बोटानं पुसलं तर काळं लागतं. त्याचं लोखंड पाण्यात उतरतं, आधी हिरवट दिसतं आणि हवेतल्या ऑक्सिजननं तांबडं होतं. म्हणजे नेहमीचा गंजच, फक्त विजेनं घाईला आणलेला. तो मोजताही येतो. ०.२ अँपिअर प्रवाह अर्धा तास वाहिला तर हिशेबानं सुमारे ०.१ ग्रॅम लोखंड झिजायला हवं. शाळेच्या तराजूवर एवढा फरक दिसेलच असं नाही, सोनाराच्या तराजूवर दिसतो. मात्र वजन करण्याआधी खिळा धुऊन, गाळ पुसून कोरडा करायला हवा, नाहीतर निघालेलं लोखंड पुन्हा तराजूवर चढतं.

शेवटची फेरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाणी तेच बोअरचं, पण खिळ्यांऐवजी दोन्ही बाजूंनी टोक काढलेल्या पेन्सिली. आता तांबडं काहीच येत नाही. कधी ग्रॅफाइटचे काळे कण सुटतात, तेही वहीत लिहायचे. पण ऋण टोकापाशी हलका पांढरा थर धरतो. तो कांडीतून आलेला नाही, तो पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमचा आहे. बोअरचं पाणी जड असेल तर किटलीच्या तळाशी जो थर बसतो, त्याच जातीचा.

म्हणजे पाण्यात काहीतरी होतं, पण ते तांबडं नव्हतं. हा पांढरा थर तक्त्यावर आला की गोष्ट तितकी चटकदार राहत नाही. तो वगळला तर खोटं काहीच लिहिलेलं नसतं, तरी पाहणाऱ्याची समजूत चुकीची होते. विक्रेत्याच्या प्रयोगातही हेच होतं: दाखवलेलं सगळं डोळ्यांदेखत घडलेलं, फक्त झिजलेली कांडी कुणाला दाखवली नाही.

मुलीला फलकावर मोठ्या अक्षरांत 'आरओचा भांडाफोड' लिहायचं होतं. तिचा राग मला समजतो, आजोबांना भीती घालून पैसे काढले गेले होते. पण तिच्या प्रयोगानं आरओ यंत्र तपासलेलंच नाही. बोअरच्या पाण्यात जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड आहे का, हे खिळे सांगत नाहीत. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात आणि दुसरा स्रोत नसेल तर २०००पर्यंत. एखाद्या घरच्या पाण्यात त्याहून जास्त असतील तर तिथे हे यंत्र उपयोगीच. 'आमचं पाणी शुद्ध आहे' असं ती म्हणाली असती, तर तीही पुराव्यापलीकडचंच बोलली असती. आणि प्रदर्शनातून घरी जाऊन कुणी तिच्या भरवशावर न तपासलेलं पाणी प्यायलं असतं.

१९७२ मध्ये नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा उच्च प्राथमिक शाळांपासून विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. मुलांनी प्रयोग स्वतः करायचा आणि निष्कर्षही स्वतः काढायचा, ही त्याची रीत. अशा रीतीत आलेलं उत्तर आवडत नसलं तरी वहीतून खोडता येत नाही. नववीच्या मुलाच्या विषयाला मी हीच कसोटी लावेन: प्रयोग उलटा निघाला तर तो तसाच मांडायची त्याची तयारी आहे का?

"पण तो माणूस खोटं बोलला ना?" तिनं विचारलं. त्याला कांडी झिजते हे ठाऊक होतं की नाही, आपल्याला माहीत नाही. प्रशिक्षणात कुणी त्यालाही हाच तांबडा पेला दाखवला असेल. म्हणून फलकावर ना त्याचं नाव आलं ना कंपनीचं. प्रयोग कांडीबद्दल बोलतो, माणसाच्या मनाबद्दल नाही.

शीर्षक शेवटी ठरलं, 'विजेच्या चाचणीत पाणी तांबडं का होतं?' त्याखाली चार पेले, झिजलेल्या खिळ्याची आधीची आणि नंतरची वजनं आणि पांढऱ्या थराची वेगळी नोंद. आजोबांनी तो फलक चष्मा लावून दोनदा वाचला. ऑर्डर रद्द करायची की नाही हे त्यांनी अजून ठरवलेलं नाही. आधी पाणी प्रयोगशाळेतून तपासून आणा, असं त्यांनी मुलाला सांगितलं आहे.